तीन छोटे चौकोन

उल्हासनगरच्या ज्या ज्युनिअर कॉलेजात मी भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते, तिथे आमच्या ज्येष्ठ सरांचं साध्या लंबकावरचं व्याख्यान मी दरवर्षी मागच्या बाकावर बसून ऐकते. सर फळ्यावर एक तक्ता काढतात. लंबकाची लांबी, वीस आंदोलनांना लागलेला वेळ पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, त्यांची सरासरी, दोलनकाल आणि शेवटी दोलनकालाचा वर्ग. मुलं तो पट्टीने रेघा मारून वहीत उतरवतात. सर म्हणतात, "लांबी आणि दोलनकालाचा वर्ग यांचा ग्राफ सरळ रेषा येतो." सगळे माना हलवतात.

पुढच्या आठवड्यात हीच मुलं प्रयोगशाळेत ग्राफ पेपर समोर ठेवून बसून राहतात. कुणी कोपऱ्यात चार सेंटिमीटरचा ग्राफ काढतं, कुणाचे शेवटचे दोन बिंदू कागदाबाहेर जातात. कुणी शेजाऱ्याने स्केल किती घेतलं ते विचारून तेच लिहितं. व्याख्यानातला तक्ता आणि कोरा ग्राफ पेपर यांच्यामध्ये बरेच निर्णय असतात आणि ते घ्यायला आम्ही कधी शिकवलेलंच नव्हतं. म्हणून सरांच्या तक्त्यांवरून सरावाचे कागद तयार करायचं मी ठरवलं. वर तक्ता, खाली चौकटींची रिकामी जाळी. कॉलेजात वेळ मिळेना, तेव्हा रविवारी सकाळी अंबरनाथला एका ओळखीच्या घरातली खोली मिळाली. मी बदलापूरहून जायची, काही मुलं उल्हासनगरहून यायची.

पहिला कागद बिघडला, आणि तो का बिघडला हे कळायला मला दोन रविवार लागले. सरांचा तक्ता मी होता तसा, सहाच्या सहा रकान्यांनिशी कागदाच्या वरच्या भागात छापला होता. त्याने जवळजवळ निम्मं पान खाल्लं. खाली जाळीला उंची उरली पंधरा सेंटिमीटर, त्यातला एक सेंटिमीटर आकडे लिहायला. हातात राहिले चौदा. दोलनकालाच्या वर्गाची सगळ्यात मोठी किंमत होती 4.04. तिला चौदाने भागलं की 0.289 येतं. मी ते 0.3 केलं आणि उभ्या अक्षावर एका मोठ्या चौकोनाला 0.3 असं स्केल छापून टाकलं. कागद छान भरत होता आणि मला तेवढंच दिसत होतं.

मुलांनी बिंदू मांडले. पहिला बिंदू 2.02 चा. त्याच्या जवळची जाड रेघ 2.10 ची. फरक 0.08. अर्ध्याहून अधिक मुलांनी त्या रेघेपासून आठ छोटे चौकोन खाली येऊन बिंदू ठेवला होता. पण माझ्या स्केलमध्ये एक छोटा चौकोन 0.03 चा होता, म्हणून खाली यायला हवं होतं साधारण पावणेतीन चौकोन. मी प्रत्येकाच्या कागदावर लाल खूण केली आणि नीट मोजा म्हणून सांगितलं. दुसऱ्या रविवारी निराळ्या मुलांनीही तीच चूक केली, त्याच बाजूला आणि तेवढीच. तेव्हा मी लाल पेन खाली ठेवलं. मुलांच्या हाताने होणाऱ्या चुका इकडेतिकडे विखुरतात. सगळे बिंदू एकाच बाजूला सरकले असतील तर दोष कागदात असतो. दहा छोट्या चौकोनांमध्ये 0.3 वाटायला मुलाला प्रत्येक बिंदूला एक भागाकार करावा लागतो आणि त्या भागाकारातच त्याचं लक्ष संपतं.

त्यानंतर एका मोठ्या चौकोनाला 1, 2 किंवा 5, नाहीतर त्यांची दहापट किंवा दहावा भाग, यापलीकडे मी गेले नाही. रीत सोपी आहे. सगळ्यात मोठी किंमत हाती असलेल्या सेंटिमीटरांनी भागायची आणि येईल त्या आकड्याच्या वरचा 1, 2, 5 मधला आकडा घ्यायचा. पण 0.289 च्या वरचा आकडा 0.5, आणि 0.5 घेतलं की ग्राफ आठ सेंटिमीटरांतच संपतो. मला 0.2 हवं होतं. त्यासाठी किमान एकवीस सेंटिमीटर मोकळी उंची हवी होती. अडचण स्केलची नव्हती, जागेची होती, आणि जागा माझ्या तक्त्याने अडवली होती.

मग मी तक्ता आडवा केला. ग्राफला लागतात त्या दोनच ओळी ठेवल्या. वरच्या ओळीत लांबी 50, 60, 70, 80, 90, 100 सेंटिमीटर. खालच्या ओळीत दोलनकालाचे वर्ग 2.02, 2.43, 2.81, 3.24, 3.61, 4.04. बाकीचे रकाने मुलांच्या वहीत आहेतच. तक्ता पाठच्या पानावर टाकून पाहिला होता, पण पान उलटताना मुलं आकडा विसरतात आणि 3.24 चा 3.42 होतो. तक्ता आणि जाळी एकाच नजरेत बसायला हवीत. आता तक्त्याला चार सेंटिमीटर पुरले आणि जाळी झाली सोळा बाय बावीस. आरंभबिंदू डावीकडून दोन आणि खालून एक सेंटिमीटरवर, जाड रेघांच्या छेदावर. जाळीच्या कडेवर तो ठेवला तर आकडे लिहायला जागा उरत नाही आणि मुलं ते चौकोनांवरच गिरवतात.

जाळी मी संगणकावर तीन ओळींत काढते:

```
\draw[step=1mm,line width=0.1mm] (0,0) grid (16.01,22.01);
\draw[step=5mm,line width=0.2mm] (0,0) grid (16.01,22.01);
\draw[step=1cm,line width=0.4mm] (0,0) grid (16.01,22.01);
```

शेवटी दिसणारं .01 मुद्दाम घातलेलं आहे. नुसतं 16 आणि 22 लिहिलं तर हिशेबातल्या बारीक फरकाने कडेची रेघ कधीकधी गळते. रेघा बारीक आहेत, पण काळ्या आहेत. आधी मी त्या फिकट करड्या ठेवल्या होत्या, पडद्यावर सुंदर दिसायच्या. पण लेझर प्रिंटर करडा रंग ठिपक्यांनी बनवतो, त्यामुळे बारीक करडी रेघ तुटक उमटते, आणि त्या प्रतीची झेरॉक्स काढली की मिलिमीटरच्या रेघा जागोजागी नाहीशा होतात. काळी, पण केसासारखी रेघ टिकते. तरीही सगळ्या झेरॉक्स मूळ प्रिंटवरूनच काढाव्या लागतात, झेरॉक्सची झेरॉक्स चालत नाही.

छपाईतली आणखी एक गोष्ट मला तपासण्याच्या वेळी कळली. छत्तीस कागद तपासायला वेळ लागायचा, म्हणून बरोबर बिंदूंची एक पारदर्शक शीट मी करून घेतली. ती मुलाच्या कागदावर ठेवायची आणि बिंदू जुळतात का ते बघायचं. एकाही मुलाचे बिंदू जुळले नाहीत. पट्टी लावून पाहिलं तर मुलांच्या कागदावरची सोळा सेंटिमीटरची जाळी साडेपंधरा भरली. छापताना पान कागदात बसवण्याचा पर्याय चालू राहिला होता. त्याने मुलांचा ग्राफ चुकला नव्हता, कारण सगळे चौकोन सारखेच आकसले होते आणि मुलं चौकोन मोजत होती. चुकलं होतं फक्त दोघांचं, ज्यांनी चौकोन न मोजता पट्टीने सेंटिमीटर मोजले होते. आणि पट्टीने मोजायला मीच सांगितलं होतं, कारण कागदावर छापलं होतं, 'उभा अक्ष : 1 सेंमी = 0.2'. आता मी 'एक मोठा चौकोन = 0.2' असं लिहिते. कागद कितीही आकसला तरी ते वाक्य खरं राहतं. आणि छापून आल्यावर पहिल्या प्रतीवर दहा मोठ्या चौकोनांना पट्टी लावून बघते, पारदर्शक शीटसाठी.

इतकं झाल्यावर खरा प्रश्न समोर आला. कागदावर काय छापायचं आणि काय रिकामं सोडायचं? अक्ष, आकडे आणि स्केल सगळं छापलं तर मूल फक्त बिंदू ठेवायला शिकतं. सगळंच कोरं सोडलं तर ते प्रयोगशाळेतल्यासारखंच बसून राहतं. म्हणून मी एकाच प्रयोगाचे तीन कागद केले. पहिल्यावर अक्ष, नावं, एककं, स्केल आणि अक्षांवरचे आकडे छापलेले, एक बिंदूही मांडून दाखवलेला. तिथे काम फक्त चौकोनांमधली जागा वाचायचं. 2.02 म्हणजे बरोबर 101 छोटे चौकोन, पण 2.43 म्हणजे साडेएकशे एकवीस, म्हणजे बिंदू दोन रेघांच्या मधोमध. दुसऱ्यावर अक्षांच्या नुसत्या रेघा आणि खाली दोन मोकळ्या जागा, 'एक मोठा चौकोन = ____'. तिसऱ्यावर नुसती जाळी आणि रिकामा तक्ता. त्यातली रीडिंग मुलांनी स्वतः घ्यायची.

सरांच्या तक्त्यातली एक गोष्ट मी मात्र जशीच्या तशी ठेवली. त्यांचे सहा बिंदू रेषेवर तंतोतंत बसत नाहीत. 2.81 किंचित खाली आहे, 3.24 किंचित वर. असे कागद करताना सूत्रातून आकडे काढून घ्यायचा मोह होतो, म्हणजे रेषा सुरेख येते. मी एकदा तसं केलं होतं. मग खऱ्या रीडिंगच्या वेळी मुलांनी बिंदू बळेच रेषेवर ओढले, आणि ज्यांनी ओढले नाहीत त्यांनी ते एकेक करून जोडले आणि रेषेऐवजी नागमोड काढली. सगळे बिंदू रेषेवरच असतात, हे त्यांना माझ्याच कागदाने शिकवलं होतं.

तिसऱ्या कागदाच्या रविवारी जे घडलं ते सविस्तर सांगते. खोलीतल्या पंख्याच्या हुकाला लंबक टांगायचा नाही असं ठरलं होतं, म्हणून खिडकीच्या गजाला बांधला. सरांच्या तक्त्यात लांबी पन्नासच्या खाली जात नाही. मुलांना मी वीसपासून शंभरपर्यंत जायला सांगितलं, म्हणजे ग्राफची रेषा शून्यापर्यंत वाढवताना फार अंदाज करावा लागत नाही. बदलापूरच्या एका मुलीच्या गटाची रीडिंग अशी आली. लांबी 20, 40, 60, 80, 100 सेंटिमीटर. वीस आंदोलनांचा वेळ 18.6, 25.9, 31.5, 36.2, 40.4 सेकंद. त्यावरून दोलनकालाचे वर्ग 0.86, 1.68, 2.48, 3.28, 4.08.

त्या गटातल्या मुलाने आधी वहीत g = 4π²L/T² या सूत्राने प्रत्येक रीडिंगचा हिशेब केला. आले 913, 942, 955, 964 आणि 968. त्याने सरासरी काढली, 948. यायला हवं होतं 980 च्या आसपास. तो म्हणाला, "मॅडम, स्टॉपवॉच खराब आहे." मी काही बोलले नाही. शेजारी त्या मुलीचा ग्राफ चालला होता. तिने उभ्या अक्षाला एका मोठ्या चौकोनाला 0.2 आणि आडव्याला 10 घेतलं होतं आणि दोन्ही अक्ष शून्यापासून काढले होते. पाच बिंदू एका ओळीत आले. तिने पट्टी ठेवली, रेषा मागे वाढवली आणि थांबली.

"मॅडम, ही शून्यातून जात नाही. तीन चौकोन वर जाते."

तीन छोटे चौकोन म्हणजे 0.06. मी विचारलं, ही चूक मोजण्याच्या सैलपणातून येऊ शकते का? आम्ही हिशेब केला. वेळेत 0.1 सेकंदाची चूक धरली तर शंभर सेंटिमीटरच्या रीडिंगमध्ये दोलनकालाचा वर्ग 0.02 ने हलतो, म्हणजे एक छोटा चौकोन. वीस सेंटिमीटरच्या रीडिंगमध्ये त्याच्याही निम्मा. त्या टोकाला बिंदू इतका घट्ट असताना रेषा शून्यापाशी तीन चौकोन वर जाणं हे सैलपणाचं काम नव्हतं.

मग तिने रेषेचा स्लोप काढला. मी तिला तक्त्यातले बिंदू न घेता रेषेवरचेच दोन लांबचे बिंदू घ्यायला लावले. स्लोप आला 0.0402, आणि त्यावरून g आला साधारण 982. त्या मुलाचा वहीतला 948, तिचा 982, आणि रीडिंग तीच. खोलीत सगळे गोळा झाले.

मी म्हटलं, रेषा डावीकडे आणखी वाढवा, उभ्या अक्षाच्या पलीकडे, आणि आडव्या अक्षाला कुठे मिळते बघा. ती शून्याच्या डावीकडे 1.4 सेंटिमीटरवर मिळाली. म्हणजे त्यांच्या प्रत्येक लांबीत 1.4 सेंटिमीटर कमी धरले गेले होते. लंबकाचा बॉब त्याच मुलाने हातात घेतला, वर्नियर लावला. व्यास 2 सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या एक. वरचा हुक चार मिलिमीटर. त्यांनी फक्त दोऱ्याची लांबी मोजली होती, हुकापर्यंत. बॉबच्या मध्यापर्यंत मोजायचं राहिलं होतं. लांबी कमी असताना हे 1.4 सेंटिमीटर मोठे ठरतात, म्हणून वीसच्या रीडिंगला g सगळ्यात कमी आणि शंभरला सगळ्यात जास्त. वहीतल्या आकड्यांनी ओळीने हेच सांगितलं होतं, पण सरासरी काढल्यावर ते झाकलं गेलं. स्लोपला मात्र या चुकीचा धक्का लागत नाही, कारण सगळ्या लांब्या सारख्याच कमी असल्या तर रेषा सरकते, कलत नाही.

घरी येऊन मी माझे जुने कागद काढले. पहिल्या वर्षी मी एक कागद असा केला होता की आडवा अक्ष 50 पासून आणि उभा 2 पासून सुरू होत होता. जाळी भरून जायची, बिंदू पसरून दिसायचे, मोजायला सोपं पडायचं. त्या कागदावर ही मुलं स्लोप काढून 982 लिहून मोकळी झाली असती. उत्तर बरोबर आणि लंबक चुकीचा मोजलेला. दुसरा एक कागद होता ज्यात उभ्या अक्षाला एका मोठ्या चौकोनाला 0.5 होतं. त्यावर ती तीन चौकोनांची फट एका छोट्या चौकोनाएवढी उरली असती, आणि एवढ्याशा फटीकडे कुणी पाहिलं नसतं. शून्य कागदावर होतं आणि स्केल 0.2 होतं, म्हणून चूक दिसली. सरांच्या पन्नास ते शंभरच्या रीडिंगवर हीच चूक झाली असती तर 0.2 च्या स्केलवरही मी तिची खात्री दिली नसती. एवढ्या लांबून रेषा शून्यापर्यंत वाढवताना ती तीन-चार चौकोन इकडेतिकडे सहज जाते.

शून्य कागदावर नसलं की काय होतं, हे पुढे भूगोलाच्या मैत्रिणीसाठी एक कागद करताना पुन्हा दिसलं. तिच्या व्याख्यानात आमच्याच तीन शहरांची जनगणनेतली लोकसंख्या होती. उल्हासनगर 2001 साली 4.74 लाख आणि 2011 साली 5.06. अंबरनाथ 2.04 वरून 2.53. बदलापूर 0.98 वरून 1.74. तिने तीन शहरांसाठी तीन छोट्या जाळ्या मागितल्या होत्या, प्रत्येक शहराला त्याच्या आकड्यांत बसेल असं स्केल. मी तशा काढून पाहिल्या. तिन्ही रेषा सारख्याच चढ्या दिसल्या, कारण तिन्ही जाळ्या कडेपर्यंत भरल्या होत्या. मग एकाच जाळीवर, शून्यापासून, एका मोठ्या चौकोनाला पन्नास हजार घेऊन मांडलं. उल्हासनगरची रेषा सगळ्यांच्या वर आणि जवळजवळ आडवी राहिली, दहा वर्षांत जेमतेम सहा-सात छोटे चौकोन चढली. अंबरनाथ एक मोठा चौकोन चढलं. बदलापूर तळातून निघून दीड. एका छोट्या चौकोनाला पाच हजार माणसं असल्याने 97 हजार आणि 98 हजार यांतला फरक या कागदावर मांडताच येत नाही, म्हणून आकडे आधीच लाखात, दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्ण करून दिले. आणि रेषा तुटक काढायला सांगितली, कारण मधल्या नऊ वर्षांबद्दल तक्त्यात काहीच नाही. बदलापूरच्या मुलांना आपल्या गावाची ती रेषा बघून सकाळच्या लोकलमधली गर्दी आठवली, एवढं मला त्यांच्या बोलण्यावरून कळलं.

आता माझ्या तिसऱ्या कागदावर जाळीच्या खाली तीन मोकळ्या ओळी आहेत. पहिल्या दोन स्केलच्या. तिसरी मी लंबकाच्या त्या रविवारनंतर घातली: 'शून्य कागदावर ठेवलं का? ठेवलं किंवा नाही ठेवलं, कारण लिहा.' कधीकधी शून्य न ठेवणंच बरोबर असतं. खोलीचं तापमान 27 पासून 31 अंशांपर्यंत बदलत असेल तर शून्यापासून अक्ष काढल्यावर सगळे बिंदू वरच्या कडेपाशी दाटीने बसतील आणि बदल दिसणारच नाही. म्हणून ओळ रिकामी आहे, तिथे उत्तर छापलेलं नाही.

त्या मुलीने पुढच्या खेपेला तिथे लिहिलं होतं, 'ठेवलं. रेषा शून्यातून जायला हवी होती, म्हणून जाते का ते बघायचं होतं.' मी तो कागद तपासला, तिच्याच रीडिंगवरून बिंदू मोजून पाहिले, ते जुळले. मग गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांना दाखवला. सरांनी तो वाचला, आपल्या तक्त्याकडे पाहिलं आणि लांबीच्या रकान्याच्या सुरुवातीला पेन्सिलीने तीन आकडे वाढवले, 20, 30 आणि 40.